कोणतं ‘ते’?

लहान मुलांच्या जुलाबावर घरी काय करावं, हे सांगणारं एक पानी पत्रक माझ्याकडे भाषा तपासायला आलं होतं. आशाताई घरोघरी ओआरएसच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या देतात, त्यांच्याबरोबर ते वाटायचं होतं. मजकूर डॉक्टरांनी लिहिलेला होता आणि वैद्यकीयदृष्ट्या त्यात एकही चूक नव्हती. शुद्धलेखनही नीट होतं. मधला मुख्य भाग असा होता:

> पुडी एक लिटर पाण्यात टाकावी. ते उकळून गार केलेले असावे. ते चांगले ढवळावे व बाळाला थोडे थोडे पाजावे. त्याने उलटी केल्यास दहा मिनिटे थांबून ते पुन्हा हळूहळू द्यावे. ते २४ तासांत संपवावे. झिंकची गोळी चमच्यात पाणी किंवा आईचे दूध घेऊन त्यात विरघळवावी. ती रोज एकदा १४ दिवस द्यावी. अर्ध्या तासात उलटी झाल्यास ती पुन्हा द्यावी. जुलाब थांबले तरी हे बंद करू नये. बाळ सुस्त होणे, काही पिऊ न शकणे, शौचातून रक्त पडणे. असे झाल्यास त्याला लगेच दवाखान्यात न्यावे.

ज्याला हा उपचार माहीत आहे, तो हा परिच्छेद कुठेही न अडखळता वाचून काढेल. प्रत्येक ‘ते’च्या जागी काय बसवायचं हे त्याला आधीच ठाऊक असतं. मजकूर लिहिणाऱ्या डॉक्टरांचंही तसंच झालं होतं. पत्रक मात्र ज्यांना हा उपचार माहीत नाही त्यांच्यासाठी होतं, आणि त्यांच्याजवळ ‘ते’ कशाला म्हटलंय हे ओळखायला पत्रकाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

मराठीत सर्वनामाला लिंग असतं, आणि त्याचा आपल्याला मोठा आधार असतो. ‘चमचा ताटलीत ठेवला आणि ती धुतली’ म्हटलं की ताटलीच धुतली, हे सांगावं लागत नाही. पण या विषयात हा आधार जवळजवळ पूर्ण सुटतो, कारण पाणी नपुंसकलिंगी, दूध नपुंसकलिंगी, औषध, द्रावण, मिश्रण, भांडं, तेही नपुंसकलिंगी. ज्याला पाजायचं ते बाळही नपुंसकलिंगी. दुसऱ्या बाजूला पुडी, गोळी आणि उलटी या तिन्ही स्त्रीलिंगी. म्हणजे ‘ते’ आलं की अर्धा डझन उमेदवार आणि ‘ती’ आली की तीन.

विभक्तीचा प्रत्यय लागला की आणखी एक भेद पुसला जातो. ‘तो’ आणि ‘ते’ हे दोन्ही ‘त्या’मध्ये एक होतात: त्याला, त्याने, त्यात, त्याच्यावर. म्हणून ‘त्यात विरघळवावी’ या दोन शब्दांत चमचा (पुल्लिंगी), पाणी, दूध आणि लिटरभर ओआरएसचं भांडं (तिन्ही नपुंसकलिंगी) असे चौघेही बसतात. वाक्याच्या सुरुवातीला ‘चमच्यात’ आहे म्हणून बहुतेक जण चमचाच समजतील. पण काही वाक्यं आधी आपण एक मोठं भांडं भरून काहीतरी विरघळवलेलं आहे, आणि ‘विरघळवणे’ हे क्रियापद वाचणाऱ्याच्या मनात त्या भांड्याशी जोडलेलं आहे. गोळी त्या लिटरभर पाण्यात गेली तर दिवसाची झिंकची मात्रा भांडंभर पसरते. बाळ पाव भांडं प्यायलं तर त्याला पाव गोळी मिळाली, आणि हे घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आता एकेक ‘ते’ घेऊन बघू.

‘पुडी एक लिटर पाण्यात टाकावी. ते उकळून गार केलेले असावे.’ लिहिणाऱ्याच्या मनात पाणी आहे: आधी पाणी उकळा, गार होऊ द्या, मग पुडी टाका. पण वाक्यांचा क्रम उलटा आहे. पुडी पाण्यात आधीच पडली, आणि उकळण्याचा उल्लेख नंतर आला. वाचणारी पुडी टाकलेलं पाणी चुलीवर ठेवू शकते, आणि ‘ते’ हा शब्द तिला अडवत नाही. ओआरएस एकदा पाण्यात कालवलं की ते उकळायचं नसतं. उकळताना पाण्याची वाफ होऊन जाते, मीठ मात्र मागे राहतं. एक लिटरची पुडी २०.५ ग्रॅमची असते, आणि तिच्यातल्या मीठ-साखरेचं प्रमाण एक लिटर पाणी धरूनच ठरवलेलं असतं. पाणी घटलं की ते जास्त खारट होतं, आणि जुलाबाने आधीच सुकलेल्या बाळाच्या रक्तात सोडियम वाढणं धोक्याचं असतं.

इथे ‘ते’ काढून ‘पाणी’ घालायला गेलं की एक गोष्ट लगेच कळते. ‘पुडी एक लिटर पाण्यात टाकावी. पाणी उकळून गार केलेले असावे’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर असलं तरी पाणी आता दोन प्रकारचं झालेलं आहे: पुडी टाकायच्या आधीचं आणि नंतरचं. म्हणजे नाव घालून काम संपत नाही. नाव घातलं म्हणून क्रम चुकल्याचं दिसतं. दुरुस्ती क्रमात करायची: ‘एक लिटर पिण्याचे पाणी उकळून पूर्ण गार करा. गार झालेल्या पाण्यात पुडी टाका. पुडी टाकल्यावर पाणी पुन्हा उकळू नका.’ पुढच्या सगळ्या पत्रकासाठी मग दोन वेगळी नावं ठरवून टाकली. नुसतं पाणी ते ‘पिण्याचे पाणी’ आणि पुडी विरघळवलेलं ते ‘ओआरएसचे पाणी’.

‘द्रावण’ हा शब्द मी घेतला नाही. तो शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला आहे, आणि घरात कुणी ‘बाळाचं द्रावण संपलं’ म्हणत नाही. ‘जलसंजीवनी’ हा शब्द गावात रुळलेला आहे आणि तो स्त्रीलिंगी असल्यामुळे बाळ-दूध-पाण्याच्या गर्दीतून वेगळा उठून दिसला असता. पण लोक पुडीलाही जलसंजीवनीच म्हणतात आणि तयार पाण्यालाही. ‘जलसंजीवनी २४ तासांत संपवा’ म्हटलं तर घरात आणून ठेवलेल्या न फोडलेल्या पुड्या कुणी दुसऱ्या दिवशी टाकून देईल. तेव्हा नाव ठोस असून पुरत नाही, ते एकाच गोष्टीचं असावं लागतं.

पुडीचंही तसंच झालं. सरकारी वाटपातली पुडी एक लिटरची असते, पण औषधाच्या दुकानात २०० मिलिलिटरसाठीची छोटी पुडीही मिळते. छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर औषध फार पातळ होतं, आणि मोठी पुडी पेल्यात टाकली तर घातक इतकं खारट. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘एक लिटरची मोठी पुडी’ असं लिहिलं. तिथून पुढे नुसतं ‘पुडी’ चाललं, कारण आता पत्रकात पुडी एकच होती.

‘ते २४ तासांत संपवावे.’ हे पाच शब्दांचंही नसलेलं वाक्य सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेलं. ‘ते’ म्हणजे ओआरएसचं पाणी, इतकं उघड आहे. पण जागेवर ते नाव ठेवून वाचलं, ‘ओआरएसचे पाणी २४ तासांत संपवावे’, तर दोन प्रश्न उभे राहिले. चोवीस तास कधीपासून मोजायचे? जुलाब सुरू झाल्यापासून, की पाणी बनवल्यापासून? आणि संपवायचं म्हणजे बाळाला दिवसभरात अख्खं लिटर पाजायचंच का? सहा महिन्यांच्या बाळाच्या आजीने ‘संपवावे’ हा शब्द मनावर घेतला तर ती नको नको म्हणणाऱ्या बाळाच्या तोंडात ओतत राहील. मूळ मुद्दा साठवणीचा होता. बनवलेलं पाणी जास्त वेळ ठेवलं तर त्यात जंतू वाढतात, म्हणून उरलेलं टाकून द्यायचं. मग असं झालं: ‘बनवलेले ओआरएसचे पाणी झाकून ठेवा. बनवल्यापासून २४ तास झाले की उरलेले ओआरएसचे पाणी ओतून द्या आणि नवी पुडी वापरा.’ ‘संपवावे’ निघून गेलं. सर्वनामाच्या आड क्रियापदाचीही चूक लपली होती, आणि ‘ते’ तिथे असेपर्यंत डॉक्टरांना किंवा मला ती दिसत नव्हती.

‘अर्ध्या तासात उलटी झाल्यास ती पुन्हा द्यावी’ इथे ‘ती’च्या सर्वांत जवळचं स्त्रीलिंगी नाम ‘उलटी’ आहे. तसा अर्थ कुणी घेणार नाही, पण तो टाळून मागे गेलं की गोळी भेटते, आणि आणखी मागे पुडी. म्हणजे वाचणारीला ठरवायचं आहे की पुन्हा गोळी द्यायची की पुन्हा पुडी कालवायची. त्यातच वर एकदा उलटी येऊन गेलेली आहे, तिथे दहा मिनिटं थांबायला सांगितलंय. आता अर्धा तास आला. दोन उलट्या, दोन वेळा, दोन औषधं. नावं लिहिली की दोन्ही सूचना आपापल्या जागी बसतात. ओआरएसचं पाणी पिताना उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून ओआरएसचं पाणी आणखी सावकाश पाजायचं. गोळी दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा द्यायची.

मला या सगळ्यात सर्वांत धोक्याचं वाटलेलं सर्वनाम मात्र ‘हे’ होतं: ‘जुलाब थांबले तरी हे बंद करू नये.’ ते एका नामाकडे बोट दाखवत नाही, मागच्या सगळ्या मजकुराकडे दाखवतं. मराठीत अशी बोटं फार आहेत: हे, असे, यामुळे, त्यामुळे, तसेच, हे लक्षात घेऊन. लिहिणाऱ्याला वाटतं आपण वाक्यं जोडली; वाचणाऱ्याला मात्र जोड कशाशी आहे ते कळत नाही. इथे ‘हे’मध्ये तीन गोष्टी येऊ शकतात, आणि तिन्हींचा थांबायचा वेळ वेगळा आहे. जुलाब थांबले की ओआरएसचं पाणी थांबवायचं. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी चालू ठेवायची, एकूण १४ दिवस. आणि अंगावरचं दूध जुलाबाच्या आधीही, जुलाबातही आणि नंतरही चालूच.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त चुकते ती मधली गोष्ट. बाळाला तिसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि गोळ्यांची पट्टी फळीवर पडून राहते. ती चुकू नये म्हणूनच हे वाक्य लिहिलं गेलं होतं, आणि नेमक्या त्याच वाक्यात गोळीचं नाव नव्हतं.

पत्रक कसं वाचलं जातं, हेही लक्षात घ्यावं लागतं. लेख आपण वरून खाली वाचतो, पत्रक तसं कुणी वाचत नाही. रात्री बाळाला उलटी झाली की आई पत्रक शोधते आणि ‘उलटी’ हा शब्द शोधते. तिथलं एक वाक्य वाचते आणि उठते. त्या वाक्यातल्या ‘ती’चा अर्थ दोन वाक्यं वर असला तर तिच्यापुरता तो नाहीच. कधी सून फोनवर सासूला एकच ओळ वाचून दाखवते. म्हणून सूचनेचं प्रत्येक वाक्य कात्रीने कापून एकटं टेबलावर ठेवलं तरी कळलं पाहिजे, ही मी या कामापुरती धरलेली कसोटी आहे. कथेला, पत्राला किंवा या लेखालाही ही कसोटी लावायची गरज नाही.

दुसरी तपासणी माणसांकडून करून घेतली. ‘समजलं का?’ असं विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतात, त्यामुळे तो प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. पत्रक, रिकामी बाटली, पुडी, चमचा आणि गोळी समोर ठेवायची, एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने ऐकून हाताने करायचं. बोलायचं नाही, नुसतं बघायचं. नाव हरवलेल्या जागी हात थांबतो, किंवा वाचणारीची नजर मागच्या ओळीवर जाते. जुन्या मजकुरावर एका आशाताईंनी ‘ती पुन्हा द्यावी’पाशी हातात पुडी घेतली, मग खाली ठेवली.

“मॅडम, ही म्हणजे पुडी का गोळी?”

“तुम्हाला काय वाटतं, ताई?”

“मला माहितीये ना गोळी ते. प्रशिक्षणात सांगितलंय. पण मी घरी पत्रक देऊन आले तर तिथं मी नसणार.”

मी समासात ‘गोळी’ लिहिलं आणि आम्ही पुढे गेलो.

डॉक्टरांशी वाद झाला तो पुनरुक्तीवरून. ‘ओआरएसचे पाणी’ पाच ओळींत चार वेळा येतं, ते त्यांना खटकलं. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द पुन्हा वापरला की लाल रेघ यायची, ती आपल्या सगळ्यांच्या हातात राहिली आहे. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्तीत एकदा द्रावण, एकदा मिश्रण, एकदा पेय आणि एकदा ‘सदर औषध’ होतं. वाचणाऱ्याला चार नावं म्हणजे चार वस्तू. ‘सदर’, ‘उपरोक्त’ आणि ‘वरील बाब’ तर सर्वनामाहून वाईट, कारण ती नामाचा वेश घालून येतात आणि आतून तितकीच रिकामी असतात. ‘सदर बाब बंद करू नये’ हे ‘हे बंद करू नये’च आहे, फक्त कचेरीतून फिरून आलेलं. डॉक्टरांना मी एवढंच विचारलं की औषधाच्या चिठ्ठीवर ते एकाच गोळीला चार नावं देतील का. त्यांनी ‘ओआरएसचे पाणी’ परत घातलं.

तरीही सगळीच सर्वनामं धोक्याची नव्हती. ‘त्याने उलटी केल्यास’ मधला ‘त्याने’ निर्धास्त होता, कारण त्या वाक्यात उलटी करू शकेल असं बाळ एकटंच आहे. ‘त्याला लगेच दवाखान्यात न्यावे’ मध्येही तसंच. आणि पुष्कळ ठिकाणी सर्वनामही नको आणि नावही नको, क्रियापदच काम करतं. हा मराठीचा खास गुण आहे आणि सूचना लिहिताना आपण तो वापरत नाही. ‘गोळी चमच्यात ठेवा, थोडे पिण्याचे पाणी घाला, पूर्ण विरघळली की बाळाला पाजा.’ ‘विरघळली’ला पुढे-मागे कर्ता नाही, पण ‘ली’ सांगते की गोळी. चमचा असता तर ‘विरघळला’ झालं असतं, पाणी असतं तर ‘विरघळले’. ‘त्यात’ही लागला नाही, कारण क्रियांचा क्रम हाताच्या क्रमाने लागला. अशा वाक्यात नाम कोंबणं म्हणजे ओझं वाढवणं. मात्र एका वाक्यात दोन स्त्रीलिंगी वस्तू आल्या की हा मार्ग बंद. तिथे नाव घ्यायचंच.

‘असे झाल्यास’पाशी सगळ्यांचं लगेच एकमत झालं. बाळ सुस्त होणे, काही पिऊ न शकणे, शौचातून रक्त पडणे. ‘असे’ म्हणजे तिन्ही एकदम, की एखादं? बाळ पाणी पीत असेल पण शौचातून रक्त पडत असेल, तर थांबायचं की निघायचं? मूळ वाक्य वाचून घरातले लोक बाकीची लक्षणं दिसायची वाट बघत बसू शकतात. ‘यांपैकी एकही लक्षण दिसले तर’ एवढ्या शब्दांनी ती वाट बंद होते.

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांकडून ते पाजलं, कारण शिरेतून द्यायची सलाइन पुरत नव्हती. तेव्हापासून हा उपचार घरच्या माणसांच्या हातातला आहे. छावणीत विचारायला माणूस जवळ होता. घरी पत्रकच आहे.

शेवटी छापायला गेलेला भाग असा:

> ओआरएसचे पाणी. एक लिटर पिण्याचे पाणी उकळून पूर्ण गार करा. गार झालेल्या पाण्यात एक लिटरची मोठी पुडी पूर्ण टाका आणि ढवळा. पुडी टाकल्यावर पाणी पुन्हा उकळू नका. ओआरएसचे पाणी बाळाला चमच्याने थोडे थोडे पाजा. ओआरएसचे पाणी पिताना बाळाने उलटी केली तर दहा मिनिटे थांबा, मग ओआरएसचे पाणी आणखी सावकाश पाजा. बनवलेले ओआरएसचे पाणी झाकून ठेवा. बनवल्यापासून २४ तास झाले की उरलेले ओआरएसचे पाणी ओतून द्या आणि नवी पुडी वापरा. जुलाब थांबले की ओआरएसचे पाणी थांबवा.
>
> झिंकची गोळी. गोळी चमच्यात ठेवा, थोडे पिण्याचे पाणी किंवा आईचे दूध घाला, पूर्ण विरघळली की बाळाला पाजा. गोळी ओआरएसच्या भांड्यात टाकू नका. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी गोळी (१० मिलिग्रॅम) द्या. सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज एक गोळी (२० मिलिग्रॅम) द्या. गोळी दिल्यापासून अर्ध्या तासात उलटी झाली तर गोळी पुन्हा द्या. जुलाब थांबले तरी झिंकची गोळी १४ दिवस पूर्ण होईपर्यंत द्या.
>
> अंगावरचे दूध जुलाब चालू असतानाही पाजत राहा.
>
> दवाखान्यात कधी न्यायचे. बाळ सुस्त झाले, बाळ काही पिऊ शकत नाही, बाळाच्या शौचातून रक्त पडते. यांपैकी एकही लक्षण दिसले तर बाळाला लगेच दवाखान्यात न्या.

मजकूर वाढून जवळजवळ दुप्पट झाला आणि पान एकच होतं. अक्षर लहान करायला आशाताईंनी साफ नकार दिला, घरात वाचणाऱ्या आज्याच जास्त असतात म्हणून. मग पत्रकाच्या वरचा, स्वच्छतेचं महत्त्व सांगणारा परिच्छेद काढला. त्यात ‘यामुळे’, ‘त्यामुळे’ आणि ‘हे टाळण्यासाठी’ होतं, पण काय टाळायचं ते नव्हतं. त्या जागी ‘बाळाला पाजण्याआधी हात साबणाने धुवा’ एवढी एक ओळ आली, आणि सगळं पानावर बसलं.